अध्यक्षांचं मनोगत, सुधारलेलं

अण्णा, मनोगतावर बरीच कात्री चालवलीय, रागावू नका. ‘जिल्ह्यात नंबर एक’ काढलं, सभेत कुणीतरी उठून विचारणारच की नंबर दिला कोणी. ‘थकबाकी जवळपास शून्य’ तर चालणारच नाही, अहवालात पुढच्याच पानांवर 4.1 टक्के छापलंय. ‘माझ्या दूरदृष्टीमुळे’ तीनदा होतं, तिन्ही उडवलं. छापायला हे द्यायचं:

सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार. मार्चअखेर आपल्या पतसंस्थेच्या ठेवी 38.4 कोटींवरून 41.9 कोटींवर गेल्या. पण हे सगळे नवे पैसे नाहीत, साडेतीन कोटींतले जवळपास पावणेदोन कोटी हे जुन्या ठेवींवर जमा झालेलं व्याजच आहे, म्हणजे नव्याने आलेली ठेव पावणेदोन कोटींची. ती मात्र बहुतेक छोट्या खातेदारांची आहे, कांद्याची पट्टी हातात पडली की घरी जायच्या आधी काउंटरवर येणारी माणसं, त्यामुळे आम्हाला तिचं मोल जास्त वाटतं.

थकबाकी 6.3 टक्क्यांवरून 4.1 वर आली. याचं श्रेय वसुलीच्या पोरांना, उन्हात मोटारसायकलवर वस्तीवस्तीला फिरलेत ते. तीन मोठी खाती त्यांनी समजुतीने मिटवली, दोघांच्या बाबतीत मात्र सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला घ्यावा लागला आणि ती वसुली अजून चालू आहे. त्यातलं एक कर्ज मंजूर करताना तारणाची किंमत आम्ही जास्त धरली होती, ही संचालक मंडळाची चूक. आता जमीन तारण असेल तर मूल्यांकन दोघांकडून घेतो.

लाभांश यंदा 9 टक्के, मागच्या वर्षी 10 होता. नफा घटलेला नाही, पण बुडीत कर्जासाठी जास्त तरतूद केली. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो तसा तो पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, हे तुम्हालाही माहीत असायला हवं, म्हणून एक टक्का कमी वाटायचा निर्णय आम्ही विचार करून घेतलाय. पटला नाही तर सभेत जरूर बोला.

मोबाईलवरून खातं बघायची सोय दिवाळीला देऊ म्हणालो होतो, ती फेब्रुवारीत सुरू झाली, उशिराबद्दल दिलगीर आहोत. येत्या वर्षात थकबाकी साडेतीन टक्क्यांच्या खाली आणायची आणि सोनेतारणाचं काउंटर शनिवारी दुपारीही उघडं ठेवायचं, एवढं ठरवलंय.

आपला, अध्यक्ष

बघा, ‘मी’ कुठेच नाही, तरी काम तुमचंच दिसतंय. चूक कबूल केल्याचं वाक्य काढायला सांगाल माहितीये, पण ते राहू द्या, त्या कर्जाचं सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि आपण आधीच बोललो की सभेत कुणाला उकरून काढता येत नाही. प्रेसवाल्याला गुरुवारी द्यायचंय. आणि फोटो पाव पानाचा पुरे, फेट्यातला नको.