विषय: सोमवारचं बोलणं, ठरलेली कामं आणि भाऊंना पाठवायचा मजकूर

नमस्कार मनीषा मॅडम,

सोमवारी मालाची गाडी दारात उभी असताना तुम्ही आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायला तासभर दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वहीतलं कामाचं तेवढं खाली उतरवलं आहे. कुठे तुम्हाला म्हणायचं होतं वेगळं आणि मी लिहिलंय वेगळं असं वाटलं, तर त्याच ओळीखाली लिहून पाठवा. पुढची सगळी मांडणी यावरच होणार आहे.

तुमची मुख्य अडचण मला अशी समजली. भांडुपच्या कारखान्यातून सात दुकानांना मसाले, भाजणी, पापड, लोणची जातात आणि मागणी येते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दुकानातला माणूस लिहितो, "मिरची 5". ती पाच पाकिटं की पाच बॉक्स, हे गाडी भरणाऱ्याने ओळखायचं. गिरगावला पाच बॉक्स उतरल्याचं तुम्ही हसत सांगितलंत, पण परतीची फेरी अंगावर पडलीच. त्याहून महाग पडलं ते गेल्या दिवाळीतलं: पार्ल्याला संध्याकाळी सहाला चकली भाजणी संपली, गिऱ्हाईक परत गेलं, आणि त्याच वेळी गिरगावच्या माळ्यावर तीस पाकिटं पडून होती. ती आहेत हे दोन दिवसांनी कळलं. दुकानांची विक्री दुसऱ्या दिवशी एक्सेलमधून येते आणि मगच टॅलीत चढते, त्यामुळे आत्ता कुठे काय शिल्लक आहे याचं खात्रीचं उत्तर फोन फिरवल्याशिवाय मिळत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. पाकिटावर बॅच नंबर आणि मुदत तुम्ही छापताच, पण दुकानात आलेला नवा माल पुढे लागतो आणि जुना मागे सरकतो. महिन्याला साधारण 40 हजारांचा माल मुदत संपून परत येतो, असा तुमचा अंदाज आहे. हा आकडा मी अंदाज म्हणूनच धरतोय. परतीच्या चलनांवरून एकदा बेरीज झाली तर बरं, कारण भाऊ पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

ई-इन्व्हॉइसचा विषय निघाला होता. उलाढाल 5 कोटींच्या वर असल्याने जीएसटी नोंदणी असलेल्या घाऊक गिऱ्हाइकांची बिलं तुम्हाला पोर्टलवरून काढावी लागतात. ते काम टॅलीतून नीट चाललं आहे, त्याला हात लावायचा नाही. भांडुपहून दुकानांना जाणारा माल एकाच जीएसटी नंबरखाली, राज्यातल्या राज्यात जातो. तो विक्री नसून चलनावरचा माल आहे. आमचं काम या चलनापासून सुरू होतं. काउंटरवरचं बिलिंगही आत्ता बदलू नये असं माझं मत आहे. विकायला मला ते आवडलं असतं, पण दिवाळीच्या तोंडावर काउंटरच्या मुलांच्या हातात नवा स्क्रीन देणं म्हणजे नसती आफत.

आता ठरलेलं. शुक्रवार, 17 जुलैपर्यंत तुम्ही मालाची यादी (पाकिटाचं वजन आणि एका बॉक्समध्ये किती पाकिटं, यासकट) आणि दादर व पार्ले या दोन दुकानांची गेल्या तीन महिन्यांची विक्री पाठवणार. यादी विस्कळीत असली तरी चालेल, ती लावून घेणं आमचं काम. 25 तारखेला आषाढी असल्याने त्या आठवड्यात तुमच्याकडे उपवासाच्या मालाची धांदल असते, म्हणून मी येणार मंगळवार, 28 जुलैला दुपारी तीन वाजता, भांडुपला. तेव्हा नमुन्याचा डेटा न दाखवता तुमचाच माल भरून दाखवीन. गाडी भरणारे सुरेशमामा त्या बैठकीला हवेतच. त्यांना पटलं नाही तर हे चालणार नाही. तुमच्या सीएंना टॅलीशी जोडणी कशी होते ते मी त्याआधी फोनवर समजावतो, त्यांना कधी फोन करू तेवढं कळवा.

पसंत पडलं तर 3 ऑगस्टपासून 12 सप्टेंबरपर्यंत फक्त या दोन दुकानांत चालवून बघायचं. अख्खा श्रावण यात येतो, त्यामुळे परीक्षा खरी होईल, आणि 14 तारखेला गणपती बसायच्या आत आपण मोकळे. उरलेल्या पाच दुकानांचा निर्णय विसर्जनानंतर, सोमवारी 28 सप्टेंबरला. तो दिवस चुकला तर मी स्वतःच सांगेन की आता दिवाळी होऊन जाऊ द्या.

एक मुद्दा मोकळा राहिला: पार्ल्याच्या दुकानात इंटरनेट अधूनमधून जातं. नेट नसताना मोबाइलवर केलेली नोंद नंतर चढते, पण तेवढा वेळ भांडुपला जुना आकडा दिसेल. हे आधीच माहीत असलेलं बरं.

भाऊंना पाठवायचा मजकूर हा. जसाच्या तसा पुढे ढकला, किंवा तुमच्या शब्दांत बदला:

---

भाऊ, दुकानांच्या स्टॉकसाठी एका सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलणं झालं. टॅली तसंच राहील, काउंटरचं बिलिंगही तसंच राहील. बदलेल एवढंच, की दुकानं मागणी व्हॉट्सअ‍ॅपऐवजी मोबाइलवरच्या यादीतून पाकीट किंवा बॉक्स निवडून करतील, भांडुपला त्यावरूनच चलन निघेल, आणि कुठल्या दुकानात कुठल्या बॅचचा किती माल आहे ते दिसेल. मुदत संपायला 30 दिवस उरले की आपल्याला आणि दुकानाला दोघांनाही कळेल.

आधी दादर आणि पार्ले, सहा आठवडे. त्याचे एकरकमी 20,000 रुपये. पुढे घेतलं तर ते सुरुवातीच्या 35,000 मधून वजा होतील. सातही दुकानं आणि भांडुप धरून आठ जागा, दर जागेला महिना 1,800, म्हणजे महिन्याला 14,400. सगळ्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. सहा आठवड्यांनंतर नको वाटलं तर थांबता येईल, आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल.

चाललं की नाही हे असं ठरवू: दर शनिवारी दोन्ही दुकानांत 20 वस्तू हाताने मोजायच्या आणि मोबाइलवरच्या आकड्याशी ताडायच्या. शेवटच्या दोन शनिवारी 20 पैकी 18 जुळले पाहिजेत. चुकीचा माल गेल्याने झालेल्या फेऱ्या आणि मुदत संपून परत आलेला माल वेगळा लिहून ठेवू.

तुमच्याकडून आत्ता फक्त दोन दुकानांपुरता होकार हवा आहे, शक्यतो 28 जुलैच्या आधी.

---

भाऊंना दुकानदाराशीच बोलायचं असेल, तर ठाण्यात आमच्याकडून हीच व्यवस्था वापरणारे एक फरसाणवाले आहेत. त्यांना विचारून नंबर देतो. मी मध्ये असणार नाही, काय विचारायचं ते विचारू दे.

यादी 17 ला सकाळी आली तर त्याच दिवशी भरायला घेतो.

आपला,
संदीप