यंदाचा बाप्पा, गेल्या वर्षीच्या मातीचा

२१ जून, रविवार

अधिक महिना सरला, निज ज्येष्ठ लागला आणि आज सकाळी आमच्याकडे माती भिजत पडली.

गेल्या वर्षी बाप्पा २७ ऑगस्टलाच आले होते. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. हातात अडीच आठवडे जास्त आहेत आणि बाबांनी ते सगळे मूर्ती सावलीत निवांत वाळवायला राखून ठेवलेत.

एक आनंदाची गोष्ट सांगायचीच आहे. गेल्या वर्षी विसर्जनानंतर तुम्ही परत आणून दिलेली माती आम्ही सुकवून, वजन करून ठेवली होती. कुणी पिशवीतून आणली, कुणी बादलीतून, पाषाणच्या एका आजींनी तर चकलीच्या स्टीलच्या डब्यातून आणली. सगळी मिळून २१४ किलो भरली. ती पुन्हा भिजवली, सुती धोतरातून गाळली आणि गुजरातहून आलेल्या नव्या शाडूत मिसळली. यंदाच्या प्रत्येक मूर्तीत पाचातला एक भाग या मातीचा आहे. पार्थिव गणपती म्हणजे मातीचा गणपती. ती माती एका घरातून दुसऱ्या घरी जातेय, याचं आम्हाला फार अप्रूप आहे.

बुकिंग आजपासून सुरू. ७ इंची ₹१,२५०, ९ इंची ₹१,८००, १२ इंची ₹२,९००, १५ इंची ₹४,५००. आगाऊ ₹५००. एकूण १८० मूर्तीच करतोय. १५ इंचांपेक्षा मोठी मूर्ती घेत नाही, कारण ती घरच्या बादलीत मावत नाही. गेल्या वर्षी माती परत दिलेल्यांना ₹१०० कमी. नाव आमच्या वहीत आहे, फक्त आठवण करून द्या.


१२ जुलै, रविवार

"ताई, ही खरंच शाडूची आहे का?" या आठवड्यात हा प्रश्न अकरा जणांनी विचारला. विचारायलाच हवा. शाडूच्या नावाखाली पीओपीची मूर्ती घेऊन फसलेले लोक दरवर्षी आमच्याकडे येतात.

दुकान आमचं असो वा दुसऱ्या कुणाचं, ओळखायची रीत एकच. मूर्ती उचलून बघा. त्याच उंचीच्या पीओपीच्या मूर्तीपेक्षा शाडूची हाताला चांगलीच जड लागते. पीओपीची बहुतेक वेळा आतून पोकळ असते. मग मूर्ती अलगद आडवी करून तळ बघा. तिथे रंग नसतो. बोट ओलं करून तळावर अर्धा मिनिट घासा. शाडू असेल तर बोटाला राखाडी चिखल लागेल. पीओपी असेल तर फार तर पांढरी पूड लागेल आणि तळ तसाच टणक राहील. विक्रेत्याने बोट लावू दिलं नाही, तर मूर्ती घेऊ नका.

पीओपी पाण्यात का विरघळत नाही, तेही सांगते. जिप्सम भाजून त्याची भुकटी करतात, ती पीओपी. तिला पाणी लागलं की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. जी वस्तू पाण्यानेच घट्ट झाली, ती पाण्यात सुटी कशी होणार? म्हणून तर आपल्या पुण्यात पीओपीच्या मूर्तींसाठी महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते. शाडूला साधं नळाचं पाणी पुरतं.

रंगांबद्दलही विचारता. आम्ही गेरू, हळद, खडूची पांढरी, काजळी आणि थोडी नीळ वापरतो, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवून. सोनेरी चमक आमच्याकडे मिळणार नाही. पितांबर हळदीचं असतं, ते जरा मंद दिसतं. समईच्या उजेडात बघा, मग सांगा.


२ ऑगस्ट, रविवार

आज तड्यांबद्दल लिहिते, कारण पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

मूर्तीत सगळ्यात पातळ भाग कानाचा. तो आधी सुकतो आणि आकसतो. डोकं मात्र आतून ओलंच असतं. मग जिथे कान डोक्याला जोडलाय, तिथे केसाएवढी रेघ उमटते. म्हणून आम्ही पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक कानावर ओल्या फडक्याचा तुकडा ठेवतो आणि तो दिवसातून दोनदा बदलतो. सध्या आमच्याकडे या, सगळे गणपती कानाला फडकी बांधून बसलेले दिसतील.

गेल्या वर्षी मी घाई केली होती. दिवस थोडे, हवा दमट, म्हणून बाबांना न विचारता पाच मूर्ती पंख्याखाली सरकवल्या. दुसऱ्या दिवशी चार मूर्तींचे कान सुटले होते. दोन मूर्ती शाडूच्या पातळ लेपाने सांधता आल्या, दोन पुन्हा घडवाव्या लागल्या. त्या दोन घरांना मी स्वतः फोन करून सांगितलं आणि मूर्ती एक दिवस उशिरा दिल्या. दोघांनीही समजून घेतलं, पण मला ती रात्र अजून आठवते.

तेव्हा "ताई, माझी मूर्ती रंगवून झाली का, फोटो पाठवा" असं विचारलंत आणि मी "अजून सुकतेय" म्हटलं, तर रागावू नका. तुमचीच मूर्ती जपतेय.


१६ ऑगस्ट, रविवार

मखरं आली!

यंदा तीन प्रकार आहेत. बांबूच्या कामट्यांवर खणाचं कापड ताणलेलं, ₹१,६५०. जाड पुठ्ठ्याचं कमानीचं, ₹७५०, त्याच्या खाचा एकमेकांत बसतात, डिंक लागत नाही. आणि हातकागदाची कमळं, २१ नगांची माळ ₹३२०. थर्मोकोल आमच्याकडे कधीच नव्हता. राज्यात २०१८ ला त्यावर बंदी आली, तरी कुठे ना कुठे तो दिसतोच आणि दिसला की जीव तुटतो.

खणाचं मखर मिटून उशीच्या अभ्र्यात मावतं. कोथरूडच्या एका ताईंचं हे तिसरं वर्ष, त्याच मखरात. दरवर्षी त्या फक्त मागचा पडदा बदलतात. यंदा सासूबाईंची जुनी इरकल लावणार आहेत. तुमच्याकडे गेल्या वर्षीचं मखर धड असेल, तर नवं घेऊ नका. एखादी कामटी निखळली असेल तर घेऊन या, बसवून देते, पैसे नाहीत.

आणि मखराहून मला जास्त आवडते ती कोकणातली माटवी. माझं माहेर तिकडचं. बाप्पाच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला आंब्याचे टहाळे, कवंडळं, सुपारीचे घोस, नारळ, काकडी, रानातली फुलं, जे हाताला लागेल ते बांधायचं. लहानपणी कवंडळं शोधायला आम्ही पोरं आदल्या दिवशी कुंपणं पालथी घालायचो. पिकलेलं लालभडक कवंडळ सापडलं की दुसऱ्याला दाखवायचं नाही, असा नियम होता. पुण्यात ते सगळं मिळत नाही, पण चौकट देते आमच्याकडची, ₹४५०. मंडईतून पेरू, सीताफळ, मक्याची कणसं आणा आणि मुलांना बांधायला बसवा. उत्सव झाला की फळं प्रसादात आणि चौकट माळ्यावर.

एक सांगणं: हॅलोजनचा दिवा मूर्तीच्या जवळ लावू नका. त्याच्या उष्णतेनेही तडा जातो.


३० ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा झाली. बुकिंग आज रात्री बंद. ७ इंचीच्या चारच मूर्ती उरल्यात.

कालपासून बाबा डोळ्यांची आखणी करतायत. पहाटे साडेपाचला, उत्तरेच्या खिडकीशी, कुणाशी एक शब्द न बोलता. कुंचल्याला मोजून सात-आठ केस. आधी पापणीची वरची रेघ, एका श्वासात, मध्ये हात उचलायचा नाही. मग बुबुळ. सगळ्यात शेवटी त्यात पांढरा ठिपका, मोहरीहूनही लहान. तो ठिपका पडेपर्यंत समोर माती असते. तो पडला की बाबा कुंचला खाली ठेवतात आणि हात जोडतात. मी त्या वेळी चहाही नेत नाही.

दिवसाला १२ मूर्तींच्या वर आखणी करत नाहीत. म्हणून कृपा करून "थोडं लवकर होईल का" असं विचारू नका.


९ सप्टेंबर, बुधवार

मूर्ती न्यायचे दिवस: ११, १२ आणि १३ सप्टेंबर, सकाळी ८ ते रात्री ९. पावती आणा, पाट आणा, आणि बाप्पाच्या चेहऱ्यावर घालायला स्वच्छ रुमाल आणा.

दोन्ही हात पाटाखाली घालून उचला. हात, सोंड, प्रभावळ, कशालाही धरू नका. दुचाकीवर नेणार असाल तर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर मूर्ती. एकट्याने येऊ नका. पावसाचा थेंब पडलाच तर पुसू नका, आपोआप सुकू द्या. पुसलं की रंग पसरतो. घरी दारातच थांबा, भाकरतुकडा ओवाळून टाका, पायांवर पाणी घाला, मग आत.

पंचामृत मूर्तीवर ओतू नका. अभिषेक तांब्याच्या ताम्हनात सुपारीवर करा, मूर्तीवर दूर्वेने नुसतं प्रोक्षण करा. आमच्या आजीपासून असंच चालत आलंय.


१४ सप्टेंबर, सोमवार

आले! १८० घरांत बसले. फोटो पाठवत राहा, बाबांना एकेक मोठा करून दाखवतेय. गणपती बाप्पा मोरया!


१५ सप्टेंबर, मंगळवार

दीड दिवसाच्या बाप्पांची आज निघायची वेळ. घरीच विसर्जन करणाऱ्यांसाठी लिहिते. पाच, सात, दहा दिवसवाल्यांनी जपून ठेवा.

उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून हलवली की हार, दूर्वा, जानवं, वस्त्र, दागिने उतरवा. निर्माल्य वेगळं ठेवा. मूर्ती पूर्ण बुडेल एवढी खोल बादली किंवा टब घ्या आणि पाणी आधीच भरून ठेवा. मूर्ती हळूच आत सोडा. वरून पाणी ओतू नका, काठीने ढोसू नका. ७ आणि ९ इंची रात्रीतून बसते, १२ इंचीला दीड दिवस लागू शकतो. बादलीवर पांढरं फडकं झाका. मुलं सारखी डोकावणार, डोकावू द्या.

दुसऱ्या दिवशी वरचं निवळलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओता. खालचा गाळ मात्र कुंडीत ओतू नका. शाडू फार बारीक असते, सुकली की विटेसारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही. गेल्या वर्षी तिघींच्या तुळशी अशा गेल्या. आम्ही आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं, म्हणून यंदा ठळक सांगतेय. तो गाळ जुन्या सुती कपड्यात बांधून टांगा, पाणी गळू द्या आणि गोळा आमच्याकडे आणा. नदीत तर अजिबात नको. ही मातीही तळाशी थर धरते.


२७ सप्टेंबर, रविवार

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले. आजपासून ११ ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी ५ ते ८ माती परत घेतोय. ओली असेल तरी चालेल. फक्त त्यात फुलं, दोरे, मणी नकोत.

आज सकाळी एक छोटा मुलगा आईबरोबर आला. दोन्ही हातांत गच्च धरलेली पिशवी, साधारण दोन किलोची. वजन करताना मातीत एक बोटभर तुकडा लागला, अर्धा विरघळलेला मोदक. मुलाने विचारलं, "आता हा कुणाच्या घरी जाणार?" बाबांनी तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तू सांग." त्याने बराच विचार केला आणि शेजारच्या काकूंचं नाव घेतलं, कारण त्यांच्याकडे गणपती बसत नाही.

वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी त्या काकूंसाठी ७ इंचीची एक जागा राखून ठेवली आहे.