टुकाई आणि बोई : आईला वाचून दाखवायचं मराठी

वैभवी,

तू पाठवलेले तुम्हा दोघांचे सगळे बंगाली मेसेज मराठीत करून खाली देते आहे. माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, पालुपद एकच, "तो मुलगा एवढं लांबलचक काय लिहितो ते मला कळू दे." तू स्वतः केलं असतंस तर अर्धं गाळलं असतंस, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. बंगालात दुर्गापूरला बावीस वर्षं काढली त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

वाचायच्या आधी तिला एवढं सांग : बंगाल्यांच्या तोंडी वैभवीची 'बोइभोबी' होते. त्यातलं 'बोई' त्याने ठेवून घेतलं, कारण बोई म्हणजे पुस्तक. मी ते 'पुस्तक' केलेलं नाही. कुणी बायकोला 'ए पुस्तका' म्हणतं का? आईला आधी बोय मासा आठवेल. आठवू दे, बंगाल्याला त्याचा राग यायचा नाही.

त्याचं घरातलं नाव टुकाई. आपल्याकडे आल्यावर आईने त्याची तुकाई केली आणि सीतेचं रूप घेऊन आलेल्या देवीला राम "तू का आई?" म्हणाला ती गोष्टही सांगितली. त्यामुळे तो 'ट' लिहितो तिथे मी ट ठेवलाय, तू चिडवताना 'त' करतेस तिथे त.

२२ जानेवारी, रात्री

टुकाई : बोई, पाणी खाल्लंस का?

(ही माझी चूक नव्हे. बंगालीत पाणी खातात, चहा खातात, सिगारेटही खातात. "प्यायलीस का" केलं की त्याचा आवाजच जातो.)

बोई : खाल्लं. दोन घास चावूनसुद्धा. तू?

टुकाई : मी माकडटोपी घालून बसलोय. चौदा डिग्री आहे इथे. तू गॅलरीत उघड्या डोक्याने उभी असशील, मला माहितेय. सर्दी होईल. आत जा. कान झाक.

बोई : रत्नागिरीत पंखा चालू आहे रे माझा. तू का आई?

टुकाई : हो. आजीने सांगितलंय तसं.

(शेवटचे दोन्ही मुळातच मराठी. मी हात लावलेला नाही.)

२४ जानेवारी

टुकाई : आज बोईमेळ्यात तीन तास पाय तुडवले. इतक्या बोया, इतक्या बोया! एकही माझ्याशी भांडली नाही. कंटाळून घरी आलो.

बोई : बोई मेला?? कोण मेला? मेल्या, नीट लिही!

टुकाई : तुमच्या भाषेत मेळा भरवायचा तरी कसा? माणसं मरतात.

(त्याने 'बोईमेला' लिहिलं होतं, म्हणजे पुस्तकांची जत्रा. वरच्या ओळीत मी 'मेळा' केलं, नाहीतर आई पहिल्याच शब्दाला दचकली असती. तुझ्या उत्तरात मात्र 'मेला' हवाच. 'मेल्या' हा शब्द तू बंगाली वाक्यात तसाच घुसडलास, तो त्याला कळला याचं मला कौतुक वाटलं. कुणी शिकवला? आईनेच असणार.)

२५ जानेवारी, भांडण

टुकाई : वैभवी मॅडम, आपलं जेवण झालं असल्यास कळविण्याची कृपा करावी.

बोई : आलं का आपण-तुपण? काय केलं मी?

टुकाई : आपण फोन उचलला नाहीत. तीनदा.

बोई : दळण आणायला गेले होते. फोन घरी.

टुकाई : आपलं दळण आपल्याला लखलाभ.

बोई : अहो. अहो ऐका ना. अहो टुकाईबाबू.

टुकाई : …

टुकाई : हे 'अहो' फार अन्यायाचं हत्यार आहे. वेडाबाई. सांग, भाकरीबरोबर काय होतं?

(बंगालीत एरवी दोघं 'तुमि' म्हणता. ऐकायला 'तुम्ही'सारखं वाटलं तरी त्यात आपल्या 'तुम्ही'सारखं अंतर नसतं, म्हणून सगळीकडे 'तू' केलं. तो रुसतो तेव्हा 'आपनि'वर जातो, तिथे 'आपण' आणि सरकारी पत्राची भाषा. तुझं 'ओगो' हे आपल्या जुन्या बायकांचं 'अहो', अगदी तेच. आईला हे भांडण सगळ्यात आवडेल बघ.)

२८ जानेवारी, उशिरा

टुकाई : झोपलीस?

बोई : नाही.

टुकाई : आज दुकानात नोलेन गूळ आला. आईने संदेश केले. एक तुझ्या नावाने बाजूला काढून ठेवला होता, मग मुंग्या लागतील म्हणून मीच खाल्ला. गोड लागला नाही. करमत नाही बोई.

बोई : मलाही नाही.

टुकाई : एक पापा दे.

बोई : दिला. माकडटोपीवर.

(त्याने लिहिलंय 'मोन केमोन कोरछे'. मन कसं करतंय. हे वाक्य कसं आणायचं म्हणून दुपारभर बसले होते. 'आठवण येते' फार कोरडं, 'जीव तुटतो' फार नाटकी. संध्याकाळी दिवा लावताना 'करमत नाही' आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली, इतकं समोर होतं. 'हामि' म्हणजे लहान मुलं देतात तसला पापा. आईसमोर वाचायचा की गाळायचा हे तू ठरव. मी लिहिला आहे. नोलेन गूळ मात्र तसाच ठेवला. तो थंडीतला खजुरीच्या रसाचा गूळ, त्याला कोल्हापुरी गुळाचं नाव लावता येत नाही.)

३० जानेवारी

टुकाई : तिकीट निघालं! ज्ञानेश्वरी एक्सप्रेस. लोअर बर्थ. एका बोईत बसून दुसऱ्या बोईकडे निघालो.

बोई : तिला 'गॅनेश्वरी' म्हणालास ना खिडकीवर?

टुकाई : म्हणालो. त्या माणसाला कळलं. तुलाच कळत नाही.

बोई : द्‌न्या. म्हण, द्‌न्या.

टुकाई : ग्यँ.

बोई : ठाण्याला उतर आणि कोकण रेल्वे पकड. ज्ञानोबाला निदान तिथपर्यंत तरी त्रास देऊ नकोस.

टुकाई : बाबा विचारतायत, तुझ्या आजीसाठी काय नेऊ. मी म्हणालो, मासा सोडून काहीही. तुमच्या समुद्रासमोर नदीचा मासा काय मिरवायचा?

बोई : गूळ आण. मुंग्यांसकट.

(ज्ञानेश्वरी हा ग्रंथ, म्हणून 'एका बोईत बसून'. आईला समजावून सांगायला लागणार नाही, ती रोज अध्याय वाचते. 'ग्यँ'वर मात्र ती हटून बसेल.)

३१ जानेवारी, निघताना

टुकाई : टॅक्सी आली. येतो.

बोई : ये.

(इथे मला काहीच करावं लागलं नाही. त्याने 'आशि' लिहिलं, तू 'एशो'. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे त्यांच्याही घरी तसंच. माझ्या दुर्गापूरच्या शेजारीणबाई मी चुकून 'जाच्छि' म्हणाले की मला दारातून परत बोलवायच्या.)

टुकाई : थांब, मराठीत लिहितो. मी येती.

बोई : येतो!! येतो!!! तू पुरुष आहेस.

टुकाई : बंगालीत क्रियापदाला मिशी नसते. मागच्या वेळी 'मी आली' म्हणालो तर आजी पदर सावरून म्हणाली, "तुकाई आली, ओटी भरा." मला ओटी पाहिजे.

बोई : नारळ तयार ठेवते.

टुकाई : आणि पाणी खा.

शेवटच्या तुकड्यातलं 'मी येती' वाचताना सुधारू नकोस, वैभवी. आणि आईला सांग, ओटीचे तांदूळ मी आणते.

मावशी