बाग: नाटकातला तिसरा प्रवेश, पटकथेच्या पानावर

दिग्दर्शकांसाठी: मूळ प्रवेश खाली ठेवलाय, म्हणजे काय गाळलं ते दिसेल. आबांचं स्वगत मी जवळजवळ सगळं काढलंय. रंगमंचावर बाग आणता येत नव्हती म्हणून ते लिहिलं होतं, आता चोपडा तालुक्यात तापीकाठी खरी बागच मिळतेय. अहिराणी ओळी तशाच ठेवल्यात, कृपया त्यांची प्रमाण मराठी करू नका. डावा समास दीड इंच, संवाद अडीच इंचांवर, पात्राचं नाव त्याच्याही आत. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकाच्या ठरावीक रुंदीवर बसलेला आहे. देवनागरीत तो जुळेलच असं नाही, म्हणून वेळ वाचून मोजा.

मूळ प्रवेश

(घर. आबा खाटेवर. सुनंदा पिशवी ठेवते.)
सुनंदा : आबा, बाग कशी शे?
आबा : बरी शे. (प्रेक्षकांकडे) काय सांगू हिला? आखाजीला लेक माहेरी आली. काल रात्रीच्या वाऱ्यानं नवती बाग पार झोपवली. घड अजून कोवळे, व्यापारी हातही लावायचा नाही. पण आज झोका बांधायचा, गौराईची गाणी म्हणायची. आज नाही सांगणार!

पटकथा

१२. बाह्य. केळीची बाग – पहाट

वारा थांबलेला. केळीच्या ओळी एकाच दिशेला आडव्या. मोडलेल्या खोडांतून पाणी ठिबकतंय. हिरवे, बोटाएवढ्या केळ्यांचे घड चिखलात.

आबा (६२) पायात वहाण नसलेले, ओळीतून चालताहेत. एका खोडाला आधाराला बांधलेला निळा नायलॉनचा दोर अजून ताठ आहे. खोड मात्र त्याच्याखाली मोडून पडलंय.

आबा उकिडवे बसतात. गाठ सोडतात. मग दुसरी. दोर कोपरावर गुंडाळत जातात.

१३. अंतर्गत. आबांचं घर, स्वयंपाकघर – सकाळ

पितरांसाठी भरलेली घागर, तिच्यावर डांगर. माय (५५) सांजोऱ्या तळतेय. दारात आबा, धोतराला चिखल.

                    माय
          काय व्हयनं?

आबा उत्तर देत नाहीत. माय त्यांच्या कोपरावरच्या दोराकडे बघते. झारा कढईतच थांबतो. एक सांजोरी करपू लागते.

                    आबा
               (हळू)
          बठ्ठी आडी पडी गयी.

                    माय
          सुनंदा दहाच्या गाडीनं येतेय.

                    आबा
          तिला आज सांगू नको.

१४. बाह्य. अंगण, निंबाखाली – दुपार

आबा फांदीवरून दोर टाकून पीळ देताहेत. बसायला पोत्याची घडी. गल्लीतून आखाजीच्या गाण्याचे सूर, झोक्यावरच्या पोरींची खिदळ.

सुनंदा (२८) पिशवी हातात घेऊन फाटकातून येते. वाकून पाया पडते.

                    आबा
          तू कवय उनी माय?

                    सुनंदा
          आत्ताच. आबा, बाग कशी शे?

आबा गाठ आवळतात. गरजेपेक्षा जरा जास्तच.

                    आबा
          बरी शे.

                    सुनंदा
          मग संध्याकाळी जाऊ बघायला.

                    आबा
          आधी झोका घे. पोरी वाट पाहताहेत.

सुनंदा हसत पोत्यावर बसते. दोन्ही हातांनी दोर धरते. पहिला हेलकावा. दुसरा. तिसऱ्याला ती पाय टेकवते.

जवळून: तिचा तळहात. त्यावर तपकिरी चिकट डाग. केळीचा चीक.

ती दोराकडे बघते. निळा. जागोजागी खोडाच्या सालीचे धागे अडकलेले. लहानपणी तिनंच आबांबरोबर हा दोर बागेत ताणला होता, असं आपण आठव्या दृश्यात पाहिलंय.

                    सुनंदा
          हा दोर तर...

आबा पाठमोरे. निंबाच्या खोडावर हात टेकून उभे.

गल्लीतलं गाणं चालूच.

सुनंदा झोक्यावरून उठते. पदराला हात पुसते. डाग निघत नाही. ती आबांजवळ जाते, त्यांचा खांदा धरून त्यांना वळवते.

                    सुनंदा
          आबा, तुम्ही बसा.

                    आबा
          अगं, मी कसा...

                    सुनंदा
          बसा म्हणते ना.

आबा बसतात. पाय जमिनीवर घट्ट. सुनंदा मागे उभी राहते, त्यांच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवते आणि ढकलते.

आबांचे चिखल वाळलेले पाय जमिनीवरून सुटतात.

दारात माय, हातात सांजोऱ्यांचं ताट.

                                        कट टू: