त्रेचाळीस फुटांना पाणी कुठल्या उंबऱ्याशी?

अध्यक्ष मॅडम आणि समितीचे सदस्य, नमस्कार.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा कोल्हापुरात घराघरात तोंडपाठ असतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पण आंबेवाडीत माझ्या मावशीच्या सासूबाई आकडा ऐकून उठत नाहीत. त्या म्हणतात, "देवळाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं की म्हसरं सोडायची." बंधाऱ्यावरचा फूट आणि ही पायरी यांचा मेळ घालून देणं, हा माझा उद्देश. बंधाऱ्यावर अमुक पातळी असताना अमुक गल्लीत पाणी कुठवर येतं आणि म्हसरं हलवायला किती तास हाती राहतात, एवढंच मला शोधायचंय.

अभ्यासासाठी प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही दोन गावं घेतली आहेत. प्रत्येक गल्लीतलं दर तिसरं घर, अशी एकूण 80 घरं. प्रत्येक घराच्या जोत्याची आणि भिंतीवरच्या पूररेषेची उंची ऑटो लेव्हलने मोजणार.

खरी अडचण इथेच आहे. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर होतं. भिंतीवरच्या रेषा जवळजवळ आहेत, त्यात मधे रंग दिलेला. मावशीच्या घरात घड्याळाच्या खिळ्याखाली चार बोटांवर एक मातकट रेघ आहे. ती कुठल्या सालची, यावर घरातच दोन मतं आहेत. म्हणून घरातल्याने आणि शेजाऱ्याने वेगवेगळं विचारल्यावर एकच साल सांगितलं, तरच ती रेषा धरायची. नाहीतर सोडून द्यायची.

शिवाय या रेषा फक्त सर्वांत वरची पातळी सांगतात. लोकांना निर्णय घ्यायचा असतो तो 39 ते 45 फुटांच्या दरम्यान. त्यासाठी गावकऱ्यांच्या मोबाइलमधले पुराचे फोटो वापरणार. फोटो काढल्याची वेळ आणि त्या वेळची बंधाऱ्यावरची नोंद जुळवायची. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोंत मूळ वेळ राहत नाही, त्यामुळे ज्याने काढला त्याच्याच फोनमधला फोटो घेणार, तोही त्याच्या संमतीने. कुणाचं नाव प्रबंधात येणार नाही.

बंधारा गावांच्या खालच्या अंगाला, कसबा बावड्यात आहे. पूर चढताना आणि ओसरताना दोन्हीकडच्या पाण्यातला फरक सारखा राहीलच असं नाही. त्यामुळे या दोन अवस्था मी वेगळ्या मांडणार आहे.

आता व्यवहार्यता. ऑटो लेव्हल आणि स्टाफ विभागात आहेत. मोजणीला दोघं लागतात, एम.ए.चे दोन विद्यार्थी यायला तयार आहेत. दिवसाला चार घरं धरली तर मोजणीचे 20 दिवस होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजणी, एप्रिल-मेमध्ये फोटो आणि मुलाखती. जाण्यायेण्याचा खर्च शिष्यवृत्तीतून भागतो. दोन्ही ग्रामपंचायतींशी तोंडी बोलणं झालंय, लेखी परवानगीसाठी विभागाचं पत्र हवं.

ते पत्र आणि फेब्रुवारीपासून 25 दिवसांसाठी ऑटो लेव्हल, एवढं समितीने मंजूर करावं ही विनंती. बंधाऱ्यावरची पातळी आणि गल्लीतलं पाणी यांचा पहिला तक्ता यंदाच्या जूनआधी दोन्ही गावांत लावायचा माझा प्रयत्न आहे.