निगेटिव्ह म्हणजे झालंय

रात्रीचे साडेदहा वाजले होते, सकाळी अकराला फूड मायक्रोबायोलॉजीचा पेपर आणि आमच्या राजारामपुरीतल्या खोलीत लाईट जाऊन नुकतीच परत आलेली. सायली कॉटवर मांडी घालून बसली, मधे तिच्या घरून आलेल्या बेदाण्याची पिशवी ठेवली आणि म्हणाली, आता वाचन बंद, आता फक्त प्रश्न. बरोबर आलं तर पाच बेदाणे, चुकलं तर पाणी भरून आणायचं. टीवायला आल्यापासून आमचं असंच चाललंय, कारण माझं पाठांतर चांगलं आणि तिला विषय कळतो, म्हणजे दोघी मिळून एक धड विद्यार्थिनी होते.

"योगर्टचे दोन जंतू?" मी सोप्यापासून सुरू केलं.

"स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, आणि पहिला आधी वाढतो, तो दुसऱ्याला फॉर्मिक अॅसिड आणि सीओटू देतो, दुसरा प्रोटीन तोडून त्याला पेप्टाईड्स नि अमिनो अॅसिड देतो. बेचाळीस डिग्री. दे बेदाणे."

दिले. मग तिनं लगेच उलटा टाकला, "वॉटर अॅक्टिव्हिटी म्हणजे काय?"

मी व्याख्या म्हणून दाखवली, पदार्थाचा व्हेपर प्रेशर भागिले त्याच तापमानाला शुद्ध पाण्याचा व्हेपर प्रेशर, बहुतेक बॅक्टेरियाला 0.91, यीस्टला 0.88, मोल्डला 0.80, झेरोफिलिक मोल्ड नि ऑस्मोफिलिक यीस्ट पार 0.61-0.60 पर्यंत. सायलीनं मान हलवली खरं बेदाणे दिले नाहीत. "पाठ आहे तुझं. आता हे सांग, हा बेदाणा बोटानं दाबला तर मऊ लागतोय, म्हणजे पाणी आहे आत. मग बुरशी का नाही येत?"

मी गप्प. ती तासगावची, तिच्या बाबांची बेदाण्याची शेड आहे, त्यामुळे हा प्रश्न तिच्या घरातला होता. मग तिनंच सांगितलं, पाणी आहे पण साखरेनं धरून ठेवलंय, जंतूला ते सुटं मिळत नाही, म्हणून मॉइश्चर वेगळं आणि वॉटर अॅक्टिव्हिटी वेगळी. द्राक्षं आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, त्यानं सालीवरचं मेण सुटतं, मग शेडमधे जाळीवर साधारण पंधरा दिवस. "आणि मागच्या वर्षी त्या पंधरा दिवसांच्या मधेच अवकाळी आला, हवेत दमटपणा, माल वाळायचा थांबला, आणि बाबा रात्री दोन दोनदा उठून शेडमधे जायचे, हात लावून बघायचे. शेवटी काळा पडला सगळा. त्यांना 0.80 वगैरे काही माहीत नाही, खरं माल कुठल्या दिवशी हातातून गेला ते त्यांना बरोबर कळलं होतं." हे बोलताना ती पिशवीतला एकच बेदाणा बोटात फिरवत होती, आणि मला वाटलं की आता पुढचा प्रश्न विचारू नये थोडा वेळ. मग तिनंच विचारला, म्हणून बरं झालं.

डेअरीत मात्र ती अडकली. "फॉस्फेटेज टेस्ट निगेटिव्ह आली, दूध पाश्चराइज झालंय का नाही?"

"नाही झालं."

"उठ. पाणी."

पाणी आणलं, दहा मिनिटांनी परत विचारलं, परत "नाही झालं". तिसऱ्यांदाही तेच. तिचं म्हणणं निगेटिव्ह या शब्दातच काहीतरी बिघडल्यासारखं ऐकू येतं. मग मी वही बाजूला ठेवली, म्हटलं, कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम मुळातच असतं, बरोबर? आणि ते मरायला, म्हणजे निकामी व्हायला, जेवढी उष्णता लागते ती टीबीचा जंतू नि कॉक्सिएला बर्नेटाय मारायला लागते त्याच्यापेक्षा जराशी जास्त. 63 डिग्रीला तीस मिनिटं किंवा 72 ला पंधरा सेकंद दिले की एन्झाइम गेलं. एन्झाइम गेलं म्हणजे टेस्टमधे रंग येणार नाही, म्हणजे निगेटिव्ह, म्हणजे जंतू त्याच्या आधीच गेले. ती डोळे मिटून पुटपुटली, "निगेटिव्ह म्हणजे झालंय, निगेटिव्ह म्हणजे झालंय." मार्करनं तळहातावर लिहायला लागली तेव्हा मी हात ओढला, उद्या हॉलमधे हात तपासतात.

माझा अडथळा होता 12 डी, डबाबंद अन्न किती तापवायचं त्याचा नियम. डी व्हॅल्यू म्हणजे ठरावीक तापमानाला नव्वद टक्के जंतू मरायला लागणारा वेळ, हे येतंय, क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमच्या स्पोअर्सची, म्हणजे उष्णतेला दाद न देणाऱ्या बीजाणूंची, 121 डिग्रीला 0.21 मिनिटं हेही येतंय, बारानं गुणलं की 2.52 तेही येतंय, खरं बाराच का आणि त्यानं नक्की काय झालं ते डोक्यात बसत नव्हतं. सायलीनं पिशवी कॉटवर उपडी केली, शंभर बेदाणे मोजून ढीग केला. "हे स्पोअर. एक डी गेला." नव्वद बाजूला सरकवले. दहा राहिले. "अजून एक डी." एक राहिला. "अजून एक?"

"शून्य."

"नाही गं! एकाचा दहावा भाग. आता बेदाण्याचा दहावा भाग काय करणार, म्हणून डबे धर. प्रत्येकात एकच स्पोअर असलेले दहा डबे, त्यातल्या एकाच डब्यात जिवंत राहील. असं बारा वेळा केलं की दहाच्या बाराव्या घाताइतक्या डब्यांत एक." मी तो एकटा बेदाणा बराच वेळ बघत बसले. शून्य कधीच होत नाही, फक्त शक्यता कमी होत जाते, आणि बोट्युलिनमचं विष इतकं भयंकर की शक्यता एवढी खाली न्यावी लागते. आणि पीएच 4.6 च्या खाली तो वाढून विष करूच शकत नाही म्हणून आंबट पदार्थांना एवढा मारा लागत नाही, हेही मग आपोआप जागेवर बसलं.

साडेबाराला पॉयझनिंगवर आलो. इन्क्युबेशन पिरियडचा, म्हणजे खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या वेळेचा, तक्ता मी घडाघडा म्हटला. स्टॅफ ऑरियस एक ते सहा तास, बॅसिलस सिरियसचा उलटीवाला प्रकार तेवढेच, जुलाबवाला आठ ते सोळा, साल्मोनेला सहा ते बहात्तर आणि सोबत ताप. सायली म्हणाली, "केस देते. मुलगी, वय अठरा, रात्री साडेआठला मेसमधे जेवली, फ्राइड राइस आणि बासुंदी. अकराला उलट्या सुरू. ताप नाही. सकाळपर्यंत बरी. कोण?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मुलगी मीच. एफवायला असताना, आम्ही तेव्हा जिथं जेवायचो त्या मेसमधे रविवारचं स्पेशल होतं, आणि त्या रात्री बाथरूमच्या दाराशी सायली बादली धरून बसली होती, तेव्हा आमची नुसती तोंडओळख होती. आई फोनवर चिडली होती की बाहेरचं अरबट चरबट खाल्लं असशील, आणि मलाही दोन वर्षं वाटत होतं की आपलं पोटच नाजूक.

"अडीच तास," मी म्हटलं. "ताप नाही. म्हणजे इन्फेक्शन नाही, इंटॉक्सिकेशन. विष आधीच तयार होतं. स्टॅफ किंवा सिरियस. भात होता म्हणजे सिरियस."

"मी दोनदा भात घेतला होता. मला काही झालं नाही."

"बासुंदी?"

"मी गोड खात नाही."

मला आठवायला लागलं. आजारी पडलेल्या नऊ जणी, वरच्या मजल्यावरची एकादशीवाली सुद्धा त्यात होती, ती तर भाताला शिवलीच नव्हती, फक्त बासुंदी प्यायली होती. आणि बासुंदी सकाळी केली होती, मोठं पातेलं दिवसभर ओट्यावर, हे तिथल्या मावशी बोलताना आम्ही ऐकलं होतं. दूध आटवताना बाकीचे जंतू मेले, मग हातानं ढवळताना, काजू-बदाम टाकताना कुणाच्या तरी कातडीवरचा नाहीतर नाकातला स्टॅफ आत गेला, त्याला स्पर्धाच नाही. साखरेनं वॉटर अॅक्टिव्हिटी कमी झाली तरी तो 0.86 पर्यंत वाढतो. उन्हाळ्याचा दिवस, आठ-दहा तास.

"पण मेसवाले काका शपथेवर सांगत होते की वाढायच्या आधी परत उकळली," सायली म्हणाली, आणि वाट बघत राहिली.

"उकळली असेल," मी म्हटलं. "खरंच उकळली असेल गं. जंतू मेले. त्यांचं विष, एंटरोटॉक्सिन, शंभर डिग्रीला अर्धा तास टिकतं." माझा आवाज चढला होता, मालकीणकाकू झोपल्या असतील हे विसरूनच गेले. तो माणूस खोटं बोलत नव्हता आणि माझं पोटही नाजूक नव्हतं. सॅम्पल ठेवलं असतं, त्यात विष सापडलं असतं तर पक्कं म्हणता आलं असतं, आता फक्त अंदाज, पण सगळी बोटं त्या पातेल्याकडेच जात होती. सायलीनं काही न बोलता मूठभर बेदाणे माझ्या हातात ठेवले, मोजले नाहीत.

झोपायच्या आधी तिनं दूध तापवलं. पेपरला जाताना दही-साखर खाऊनच जायचं, हा तिच्या आईचा नियम, आणि विरजण पण आईनंच बरणीत दिलेलं. कोमट झालं का बघायला तिनं बोट पुढं केलं, मी ओरडले, "स्टॅफ!" मग तिनं हात साबणानं धुतले, चमच्यातलं दूध मनगटावर टाकून बघितलं, विरजण घालून पातेली गॅसच्या शेगडीशेजारी टॉवेलात गुंडाळली. आम्ही अंधारात पडलो आणि ती म्हणाली, आता स्ट्रेप्टोकोकस कामाला लागला असेल. मी म्हटलं, घरच्या विरजणात योगर्टवालेच दोघं असतील असं नाही, अजून बरेच असतात. ती म्हणाली, असू देत, झोप.

सकाळी दही घट्ट लागलेलं, पातेली तिरकी केली तरी हललं नाही, कडेला थोडीशी पिवळसर निवळी. मालकीणकाकूंनी दोघींच्या तळहातावर दही-साखर दिली, आशीर्वादाला म्हणून डोक्यावरही हात ठेवला.

पेपरमधे 12 डी आला, मोठाच. मी शंभर बेदाण्यांचा ढीग डोळ्यासमोर ठेवून लिहिला, बेदाण्याच्या जागी फक्त स्पोअर्स लिहिलं. इन्फेक्शन आणि इंटॉक्सिकेशनमधला फरक पण होता, तिथं उदाहरण म्हणून बासुंदी घातली. बेल झाल्यावर बाहेर आले तर सायली वरच्या मजल्याच्या जिन्यावरून धावत खाली येत होती, हातात पॅड, पाण्याची बाटली बगलेत, आणि अर्ध्या जिन्यातूनच सगळ्यांदेखत ओरडली, "ऋतू, निगेटिव्ह म्हणजे झालंय! लिहिलं मी!"