विषय: शिरवळच्या सिनियर क्वालिटी इंजिनिअर पदासाठीची माझी उमेदवारी मागे घेत आहे

मनीषा मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मुद्द्याचं आधी सांगतो. शिरवळच्या कंपनीतल्या सिनियर क्वालिटी इंजिनिअर पदासाठीची माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. मिरज एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑफर मी काल संध्याकाळी सही करून स्वीकारली. येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता ठरलेला एचआर राउंड कृपया रद्द करायला सांगा. त्या दिवसासाठी प्लांट हेड साहेबांनी पुण्यातली त्यांची मीटिंग पुढे ढकलली आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांचा दिवस मोकळा करायला वेळ मिळावा म्हणून कामावर निघण्याआधी हे लिहितोय. दुपारी १ वाजता जेवणाच्या सुट्टीत फोनही करीन. खरं तर फोनवरच सांगायचं होतं, पण तोवर थांबलो असतो तर तुमचा अर्धा दिवस गेला असता.

तुम्ही माझ्यासाठी सात आठवडे खपलात. माझा बायोडाटा तीन पानांचा होता, त्यात मी कुठकुठली ट्रेनिंग केली याचीच जंत्री. तुम्ही तो दीड पानावर आणलात. आमच्या फाउंड्रीतल्या ब्लो होलच्या रिजेक्शनचं काम मी तळाला एका ओळीत उरकलं होतं, ते तुम्ही उचलून सगळ्यात वर घेतलंत. नंतर रविवारी रात्री साडेनऊला फोन करून तेच काम मला चार वेळा सांगायला लावलंत. तुमच्याकडे मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि तुम्ही म्हणत होतात, "आधी आकडा सांगा. रिजेक्शन किती होतं, किती झालं. मग सँडमधल्या मॉइश्चरकडे या." चौथ्या वेळी ते दोन मिनिटांत बसलं. टेक्निकल राउंडला पहिला प्रश्न नेमका तोच आला.

आमच्याकडे कस्टमर ऑडिट लागलं म्हणून मी आदल्या संध्याकाळी मुलाखत पुढे ढकलायला सांगितली, तेव्हाही तुम्ही कंपनीशी बोलून शनिवारची वेळ मिळवून दिलीत. प्लांट व्हिजिटहून परत येताना खंबाटकी घाटात आमची एसटी दीड तास अडकली होती. मी साताऱ्याला पोचेपर्यंत तुमचे दोन फोन येऊन गेले होते, मुलाखत कशी झाली हे विचारायला नव्हे, तर सांगलीची शेवटची गाडी मिळेल ना, हे विचारायला. एवढं कोण करतं, मॅडम? तुमची फी उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मला ते माहीत आहे. म्हणूनच हे पत्र लिहिणं जड जातंय.

एका गोष्टीची मला मनापासून माफी मागायची आहे. पहिल्याच फोनवर तुम्ही विचारलं होतं, "अजून कुठे बोलणं चालू आहे का?" मी नाही म्हणालो, आणि तेव्हा ते खरं होतं. मिरजेच्या कंपनीत मी दिवाळीच्या आधी अर्ज दिला होता आणि कित्येक महिने काहीच उत्तर नव्हतं, तो विषय मी सोडून दिला होता. १८ दिवसांपूर्वी अचानक त्यांचा फोन आला. त्याच दिवशी मी तुम्हाला कळवायला हवं होतं. पुढे काही होईल असं वाटलं नाही, म्हणून गप्प राहिलो. मग दुसरा राउंड झाला, आणि तेव्हा आता कसं सांगायचं म्हणून गप्प राहिलो. हे चुकलंच. मी वेळेत सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा उमेदवार तयार ठेवला असता.

निर्णयामागचं कारण तुम्हाला कंपनीला सांगावं लागेल, म्हणून स्पष्ट लिहितो. पगाराचा प्रश्न नव्हता. तुम्ही शिरवळसाठी जो आकडा ठरवत आणला होता, त्यापेक्षा मिरजेचा सीटीसी थोडा कमीच आहे. घर सोडून शिरवळला यायला मी तयार होतो, ते बोललो तेव्हा खोटं बोललो नव्हतो. पण वडिलांना गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. मिरजेत रोज फिजिओथेरपी चालू आहे. डाव्या हाताने ते आता पेला धरतात, उचलता अजून येत नाही. त्यांना रिक्षातून नेणं-आणणं एकट्या आईच्याने होत नाही. नवीन जागा त्या दवाखान्यापासून १० मिनिटांवर आहे. शिवाय तिथे आयएटीएफ १६९४९ चं सर्टिफिकेशन पहिल्यांदाच घ्यायचं आहे. कंट्रोल प्लॅनपासून गेजच्या कॅलिब्रेशनपर्यंत सगळी घडी बसवायची आहे, आणि ते काम माझ्याकडे येतंय. घरची अडचण नसती तरी या कामाने मला ओढलं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

शिरवळच्या लोकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांच्या सीएमएम रूममधल्या प्रत्येक गेजवर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख ठळक लावलेली होती, आणि एकही तारीख उलटून गेलेली नव्हती. इतकं नेटकं काम मी या भागात फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. प्लांट हेड साहेबांना मी स्वतः आभाराचं पत्र लिहिणं योग्य असेल तर लिहीन. मात्र त्यांना कळवणं तुमच्याकडून आधी व्हावं असं मला वाटतं, म्हणून तुम्ही सांगाल तेव्हाच लिहीन, तोवर परस्पर संपर्क करणार नाही. आणि पगार वाढवून घेण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. कंपनीने आकडा वाढवायची तयारी दाखवली तरी माझा निर्णय बदलणार नाही. मिरजेला शब्द दिलाय.

एक विचारायचं होतं. माझ्याबरोबर पाच वर्षं काम केलेला एक सहकारी नोकरी बदलायचं बघतोय. पीपीएपी आणि एसपीसी त्याने माझ्याइतकंच हाताळलंय, कस्टमरशी तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. घर वाईला, त्यामुळे शिरवळ त्याला सोयीचं आहे. नोटीस पीरियड ३० दिवसांचा, माझ्या निम्मा. मी काल रात्री त्याला विचारलं, त्याची तयारी आहे. त्याचा बायोडाटा तुम्ही मागितलात तरच पाठवतो. तुमच्याकडे आधीच कुणी असेल तर हा विषय सोडून द्या.

माझ्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट तुमच्याकडे आहे. कंपनीकडे पुढे गेलं नसेल तर ते काढून टाकावं, ही विनंती. बायोडाटा हवा तर राहू द्या.

दुपारी १ वाजता फोन करतो. तुम्ही कामात असाल तर उचलू नका, संध्याकाळी पुन्हा करीन. तुम्हाला रागवायचं असेल तर तेही ऐकून घेईन. सांगलीचं भडंग पाठवायचं कबूल केलं होतं, ते या आठवड्यात कुरिअर करतोय. लसूण जास्त घातलेलं, तुम्ही म्हणाला होतात तसं.

तुमचा कृतज्ञ,
स्वप्नील
विश्रामबाग, सांगली